दादाचा फोन, मेल आणि वॉलेटमधले ७,४१२ रुपये

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, सातारा

परवा दादाचं तेरावं झालं. आज पाहुणे पांगल्यावर वहिनींनी कपाटातून त्याचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, बँकेचं मी बघते, तिथे नॉमिनी मीच आहे. पण या फोनातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नाही." फोनचा पिन कुणालाच माहीत नाही. दादा बोटाच्या ठशावर उघडायचा.

काय काय अडकलंय त्याची यादी केली. एक जीमेल खातं. त्यातच गूगल फोटोज, मुलीचं सगळं बालपण. एक मोबाइल वॉलेट, त्यात थोडे पैसे असावेत असा वहिनींचा अंदाज. लॅपटॉप आहे आणि त्याचा पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत आहे. वारस तीन: वहिनी, काकू (दादाची आई) आणि नऊ वर्षांची मुलगी. दादाने मृत्युपत्र केलेलं नाही. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई हे तिघेही पहिल्या वर्गातले वारस, तेव्हा जे मिळेल त्याचे तीन सारखे वाटे. आईचाही हिस्सा असतो हे बऱ्याच घरांत लक्षात घेतलं जात नाही, म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

आजच एक गोष्ट अडवली. शेजारच्या मुलाचं म्हणणं, मोबाइलच्या दुकानात नेऊन फोन "फॉरमॅट मारून" घेऊ, म्हणजे उघडेल. उघडेल खरा, पण रिकामा. आतला डेटा पिनशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतो. फोन पुसला की ती किल्लीही जाते. वर पुसलेला अँड्रॉइड सुरू होताना आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो तो मागतोच. म्हणजे आतलं सगळं गेलं आणि फोनही वापरता येईना. पिन अंदाजाने मारून बघायचा नाही, हेही सगळ्यांना सांगितलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार, पुणे

वहिनींचा फोन. बँकेत मृत्यूचा दाखला दिला, आता मोबाइल कंपनीला सांगून नंबर बंद करून टाकू का? "महिन्याचा रिचार्ज कशाला उगाच?"

नको म्हणालो. सगळ्यात शेवटी बंद करायची गोष्ट असेल तर ती हा नंबर. वॉलेटचं खातं या नंबरावर, जीमेलचा परतीचा रस्ता या नंबरावर, आणि कुठल्या कंपनीत काय आहे हे आपल्याला कळण्याचा मार्गही यावर येणारे एसएमएस. नंबर बंद झाला की किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग दादाच्या वॉलेटचा ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल.

प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी बंद करू शकते, मात्र खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढ्या कारणासाठी नाही. पण असं किती दिवस रेटणार? नंबर वारसाच्या नावावर करून घेणं हेच खरं. मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि वहिनींची स्वतःची केवायसी घेऊन दुकानात जायचं. सिम प्लास्टिकचं आहे हे नशीब. ईसिम असतं तर त्या बंद फोनातच अडकलं असतं.

घरात एक नियम ठरवला, तोही लिहून ठेवतो: या नंबरावर आलेल्या ओटीपीने एक रुपयाही हलवायचा नाही. वहिनींच्या मनात खोट नाही, पण खातेदार गेल्यानंतर त्याच्याच ओळखीने पैसे काढले असं कागदावर दिसलं की उद्या कुणीही बोट दाखवू शकतं. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आपण प्रामाणिक होतो हे कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा सरळ दावा केलेला बरा.

१९ ऑक्टोबर, रविवार, सातारा

आजचा दिवस गूगलच्या मुदतींची घड्याळं समजून घेण्यात गेला. मलाच वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर.

गूगलमध्ये `Inactive Account Manager` नावाची एक सोय २०१३ पासून आहे. खातेदार जिवंतपणी ठरवून ठेवतो की मी ३, ६, १२ किंवा १८ महिने खात्याकडे फिरकलो नाही तर अमुक माणसांना (जास्तीत जास्त दहा) माझा अमुक डेटा द्या. गंमत अशी, की सोय सुरू करताना त्या माणसांना काहीच कळवलं जात नाही. मुदत संपल्यावरच त्यांना मेल जातो. दादाने वहिनींचं नाव दिलेलं असेलही. आज आपल्याला कळायला मार्ग नाही.

ही मुदत मोजली जाते ती खात्यातल्या शेवटच्या हालचालीपासून. हालचाल म्हणजे नुसतं लॉगिन नव्हे. दादाचा अँड्रॉइड फोन चालू ठेवून नेटला जोडलेला असेल तर तो आपणहून गूगलला हजेरी देत राहतो. तसा सहा महिने ठेवला तर गूगलच्या लेखी दादा तिथेच आहे, आणि वहिनींना जाणारा मेल कधीच सुटणार नाही. आठवण म्हणून गेलेल्या माणसाचा फोन चार्ज करून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

उलट बाजूने दुसरं घड्याळ चालू असतं. दोन वर्षं अजिबात हालचाल नसलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसून टाकू शकतं. हे धोरण २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आहे.

तिसरं घड्याळ पैशाचं. फोटोंमुळे दादाची फुकटची १५ जीबी कधीच संपली होती, तो १०० जीबीची वर्गणी भरत होता, त्याच्याच कार्डावरून. बँक खातं गोठलं की वर्गणी थांबणार. फोटो लगेच जात नाहीत, पण खातं मर्यादेबाहेर गेलं की नवा मेल यायचा बंद होतो. म्हणजे वॉलेट कंपनी किंवा म्युच्युअल फंड दादाच्या पत्त्यावर काही पाठवेल, ते परत जाईल. मर्यादेबाहेर दोन वर्षं राहिलं तर मजकूरही पुसला जाऊ शकतो.

यातून निघालेलं काम अगदी साधं. दादाच्या फोनातलं सिम काढलं आणि काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. एसएमएस येत राहतील, गूगलला हजेरी लागणार नाही. दादाचा फोन बंद करून पाकिटात ठेवला, वर तारीख लिहिली.

संध्याकाळी वॉलेट कंपनीच्या ग्राहक सेवेला वहिनींच्या मेलवरून लिहिलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तासाभरात उत्तर: "सुरक्षेच्या कारणास्तव कृपया नोंदणीकृत ईमेलवरून संपर्क साधा." वहिनी पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "त्यांनाच सांगते लिहायला."

२५ ऑक्टोबर, शनिवार, सातारा

दिवाळी यंदा नव्हतीच. आज लॅपटॉप घेऊन बसलो.

दादा जीमेल थंडरबर्ड नावाच्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये वाचायचा. हे कळल्यावर जीव भांड्यात पडला. थंडरबर्ड आपल्या मूळ मांडणीत मेलची प्रत लॅपटॉपवरही ठेवतो. पण ही प्रत सर्व्हरचा आरसा असते; तिकडे मेल पुसला गेला आणि इकडे थंडरबर्ड नेटला जोडला गेला की इथूनही तो जातो. शिवाय जोडला गेला की खात्यात हालचाल नोंदली जाणार, म्हणजे परवाचं घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून लॅपटॉप सुरू करण्याआधी घरातला राऊटरच बंद केला. मग थंडरबर्ड न उघडता `%APPDATA%\Thunderbird\Profiles` हे अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. ११ जीबी भरलं. यापुढे काम फक्त त्या प्रतीवर.

आत `ImapMail\imap.gmail.com\[Gmail].sbd` मध्ये `All Mail` नावाची एक भलीमोठी फाइल असते. तिला एक्स्टेन्शन नसतं, त्यामुळे ती निरुपयोगी वाटून कुणी पुसूही शकतं. प्रत्यक्षात सगळे मेल एकाखाली एक लिहिलेली ती साधी मजकुराची फाइल आहे.

आता प्रश्न आला वाचायचं किती. कायद्याचं राहू द्या, हा घरातला प्रश्न. काकू स्वच्छ बोलल्या, "त्याची पत्रं मला नकोत. फोटो तेवढे द्या." वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पैशाचं असेल ते बघा. बाकी उघडू नका. मी असते तर मलाही आवडलं नसतं." म्हणून फक्त विषयाच्या ओळी वेगळ्या काढल्या:

```
findstr /i /b "Subject:" "All Mail" > subjects.txt
```

साडेचौदा हजार ओळी निघाल्या. त्यात wallet, policy, folio, statement हे शब्द शोधले. एक अडचण आली ती सांगतो. मराठी विषय असलेले मेल या यादीत देवनागरीत दिसत नाहीत, `=?UTF-8?B?4KS...` असं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा वाटलं फाइल बिघडली. बिघडलेली नसते, ती मेलमध्ये देवनागरी बांधून पाठवायची पद्धत आहे. पतसंस्थेचे दोन मेल अशाच ओळींमागे होते. नुसत्या इंग्रजी शब्दांवर विसंबलो असतो तर सुटले असते.

हाती आलं ते असं: वॉलेटचं सप्टेंबरचं विवरण, शिल्लक ७,४१२ रुपये, पूर्ण केवायसी झालेलं. एका म्युच्युअल फंडाचा फोलिओ, जो वहिनींना माहीत नव्हता. आणि वर्षाला नूतनीकरण होणारा अपघात विमा. दादा आजाराने गेला, त्यामुळे त्याचा उपयोग नाही, पण बघून ठेवला.

२ नोव्हेंबर, रविवार, सातारा

गूगलला अर्ज केला. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी त्यांचा एक ऑनलाइन फॉर्म आहे. पहिलाच प्रश्न: काय हवंय? खातं बंद करायचं, खात्यातले पैसे हवेत, की डेटा हवा. इथे घाईत "खातं बंद करा" निवडणारे लोक असतात, कारण मनात "हे सगळं एकदाचं मिटवू" असं चाललेलं असतं. खातं बंद झालं की मागाहून डेटा मागण्यात अर्थ राहत नाही. आधी डेटा, बंद करण्याचं नंतर.

जोडायला वहिनींचं सरकारी ओळखपत्र आणि मृत्यूचा दाखला. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर लागतं. आमचा नगरपालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत छापलेला आहे, तो खर्च वाचला. नावाचा घोळ मात्र होता. दाखल्यावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव; जीमेलवर दादाचं घरातलं टोपणनाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर. म्हणून लॅपटॉपवर सापडलेलं एक बँक विवरण जोडलं, ज्यावर पूर्ण नाव आणि तोच ईमेल पत्ता दोन्ही आहेत.

अपेक्षा बेताची ठेवायची हे वहिनींना आधीच सांगितलं. पासवर्ड गूगल कुणालाच देत नाही, हे त्यांनी लिहूनच ठेवलंय. मजकूर काही विशिष्ट परिस्थितीतच देतात, छाननी करून, आणि त्यासाठी कोर्टाचा आदेश मागू शकतात.

मग वहिनींच्या स्वतःच्या फोनवर गूगल फोटोज उघडून बघितलं आणि तिथे अर्धं कोडं सुटलं. `Partner sharing` चालू होतं. २०१९ मध्ये दादाने कधीतरी सुरू करून दिलेलं, वहिनी विसरूनही गेल्या होत्या. त्याचे फोटो त्यांना दिसत होते, पण ते त्यांचे नव्हते. दादाचं खातं पुसलं गेलं असतं तर एका दिवसात सगळे नाहीसे. ते टिकवायचे तर आपल्या खात्यात जतन करावे लागतात. तिथल्या सेटिंगमध्ये सगळे फोटो आपोआप जतन करायचा पर्याय निवडला. जतन झालेले फोटो वहिनींच्या जागेत मोजले जातात, म्हणून आधी त्यांच्या नावाने १०० जीबीची वर्गणी घेतली, नाहीतर मध्येच अडलं असतं.

रात्रभर चाललं. सकाळी मोजले तर २०१९ च्या जूनपासून पुढचे सगळे. त्याआधीचा एकही नाही, कारण दादाने वाटणी सुरू करताना "या तारखेपासूनचे" असं निवडलेलं. मुलगी २०१६ ची. म्हणजे जन्म, बारसं, पहिलं पाऊल, बालवाडी, सगळं त्या तारखेच्या पलीकडे राहिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार, पुणे

वॉलेट कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी नोडल अधिकाऱ्याचा पत्ता असतो. असलाच पाहिजे, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याला वहिनींच्या सहीचं पत्र, ईमेल आणि टपाल दोन्हींनी: खातेदाराचं नाव, नंबर, मृत्यूची तारीख, सप्टेंबरच्या विवरणातली शिल्लक, आणि "दाव्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी लेखी कळवा" एवढंच. "मदत करावी ही विनंती" वगैरे गाळलं. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर जाता येतं, तेही फुकट. पत्राची तारीख त्यासाठीच महत्त्वाची; ग्राहक सेवेशी झालेल्या चॅटवर वेळ मोजत बसू नये.

यूपीआय आणि वॉलेट यांत वहिनींचा गोंधळ होत होता. एकाच ॲपमध्ये दोन्ही दिसतात, त्यात त्यांचा काय दोष. यूपीआयचे पैसे ॲपमध्ये नसतातच, ते बँकेत असतात आणि बँकेच्या दाव्यातच येतात. यूपीआय लाइटमध्ये बाजूला काढलेली छोटी रक्कमही बँकेकडेच मागायची. वॉलेटचे पैसे मात्र वॉलेट कंपनीकडे असतात, बँकेला त्याचा पत्ता नसतो. दादाच्या गाडीचा फास्टॅगही एक प्रकारचं वॉलेटच आहे, त्यात ३०० रुपये निघाले. ते ज्या बँकेने टॅग दिला तिच्याकडे.

१६ नोव्हेंबर, रविवार

वर्तमानपत्रात डेटा संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाल्याची बातमी. एका मित्राने लगेच पाठवली, "बघ, आता नॉमिनी नेमता येणार." २०२३ च्या या कायद्याच्या कलम १४ मध्ये तशी तरतूद आहे खरी. पण ते कलम लागू व्हायला अजून १८ महिने आहेत, नेमणूक माणसाने जिवंतपणी करायची आहे, आणि नॉमिनीला मिळतात ते माहितीचा गोषवारा, दुरुस्ती, पुसून टाकणं असे हक्क. त्यात फोटोंचा अल्बम हातात मिळेल असं कुठे म्हटलेलं नाही. दादापुरता विषय संपला.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सातारा

नोडल अधिकाऱ्याचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. यादी: साक्षांकित मृत्यू दाखला, दावेदाराची केवायसी, सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना-हरकत, हमीपत्र, रद्द केलेला चेक. शेवटी एक ओळ, "किंवा वारसा प्रमाणपत्र".

ती शेवटची ओळ घेऊन इथल्या कोर्टात वकिली करणाऱ्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं ते या सगळ्या नोंदींतलं मला सर्वांत उपयोगी वाटलं.

आपण ज्याला सरसकट "सक्सेशन" म्हणतो ते १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखालचं प्रमाणपत्र. ते मिळतं मृताची येणी आणि रोखे वसूल करायला. वॉलेटमधले पैसे म्हणजे कंपनीकडून दादाला येणं, तेव्हा ते त्यात बसतात. फोलिओही बसतो. पण मेल आणि फोटो? ते ना येणं, ना रोखा. सक्सेशनच्या अर्जात "गूगल फोटोज" असं लिहून काही उपयोग नाही.

आपल्याकडे, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याच्या भागात, आणखी एक रस्ता आहे: १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला कायदा, अजून चालतो. कोर्ट जाहीर नोटीस काढतं, हरकतीला एक महिना देतं, आणि मग "हे मृताचे वारस" असं मान्य करतं. तो अमुक एका मालमत्तेपुरता नसतो, वारस कोण एवढंच ठरवतो. फोटोंसाठी कोर्टाचा कागद दाखवायचाच झाला तर हाच जवळचा. "पण," काका म्हणाले, "हा कागद तू वारस आहेस एवढं सांगतो. परक्या देशातल्या कंपनीने कुलूप उघडावं असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं. त्यासाठी वेगळा आदेश मागावा लागेल, आणि तो मिळेलच असं मी फी घेऊन सांगणार नाही."

आणखी एक विचित्र गोष्ट त्यांच्याशी बोलताना कळली. दादाने काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट वारसांकडेच आला आहे, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. म्हणजे फोटोंवरचा हक्क वहिनी, काकू आणि पुतणीचा, निर्विवाद. फक्त प्रत त्यांच्याकडे नाही.

१ डिसेंबर, सोमवार, सातारा

७,४१२ रुपयांसाठी कोर्टात जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्राचा रस्ता. हमीपत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर. वर्षापूर्वीपर्यंत १०० चा चालायचा. काकूंनी ना-हरकत दिली. मुलगी अज्ञान, तिच्या वतीने आई म्हणून वहिनींनी सही केली आणि "अज्ञान मुलीचा हिस्सा तिच्या बचत खात्यात जमा करीन" असं एक वाक्य काकांनी घालायला लावलं. एकच बाई स्वतःसाठी पैसे मागते आणि मुलीच्या वतीने हरकत नाही म्हणते, यात हितसंबंध आडवे येतात. रक्कम मोठी असती तर कंपनीने इथेच अडवलं असतं. नोटरीसकट १,१५० रुपये खर्च झाला. काकू हिशोब करून म्हणाल्या, "म्हणजे सातवा हिस्सा कागदालाच." जवळपास तेवढाच.

१६ डिसेंबर, मंगळवार

वहिनींच्या खात्यात ७,४१२ आले. वाटा प्रत्येकी २,४७० रुपये ६७ पैसे; काकूंनी आपला नातीच्या खात्यात टाकायला सांगितला.

यानंतर मोबाइल नंबर वहिनींच्या नावावर झाला. आधी केला असता तर कदाचित वॉलेटच्या केवायसीत आणि नंबराच्या मालकीत फरक दिसून नवा प्रश्न निघाला असता, म्हणून मुद्दाम थांबलो होतो. बरोबर केलं की नाही देव जाणे, पण अडलं नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार, सातारा

गूगलच्या अर्जाचं काम चालू आहे, पुढचे कागद मागितले ते पाठवले. त्यावर सध्या लिहिण्यासारखं काही नाही. अर्ज क्रमांक वहीच्या मागच्या पानावर.

२०१६ ते २०१९ चे फोटो डोक्यातून जात नव्हते. आज `subjects.txt` सहज पुन्हा चाळताना एक गोष्ट दिसली. "छोटीचे फोटो १", "छोटीचे फोटो २"... रोमन लिपीत लिहिलेले विषय, एकामागून एक, ओळीने चाळीसेक. दादा हे मेल मस्कतला त्याच्या बहिणीला, ताईला पाठवत होता. जीमेलला एका मेलमध्ये २५ एमबीच जोडता येतात, म्हणून तुकडे पाडलेले.

वहिनींना विचारलं, हे उघडू का? "ते उघडा."

लॅपटॉपच्या प्रतीत बहुतेक मेलची जोडपत्रं पूर्ण निघाली, काहींची अर्धवट. एकेका मेलमध्ये चार-पाच फोटो, मूळ आकाराचे. आणि मग जे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं ते आज सुचलं. मेलला दोन टोकं असतात. पाठवणाऱ्याचं खातं बंद असलं तरी ज्याला पाठवलं त्याच्याकडची प्रत त्याची स्वतःची असते. ना अर्ज, ना कोर्ट, ना कुणाची परवानगी. ताईला फोन लावला. तिला आठवतही नव्हतं. जुन्या खात्यात शोधून म्हणाली, सगळे आहेत, आणि "हे बघ, हे तर तुमच्याकडे नसतीलच" म्हणून बारशाचे तिने स्वतः काढलेलेही निघाले.

८ फेब्रुवारी, रविवार, सातारा

ताईने सगळे मेल वहिनींना पुढे पाठवले. मोजले तर १८७ फोटो. तीन वर्षांच्या मानाने थोडे, पण निवडलेले, कारण बहिणीला पाठवायचे म्हणून दादाने एकेक बघून ठेवले होते. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत, वहिनींच्या खात्यात एक, काकूंसाठी फोटो स्टुडिओतून छापलेला अल्बम.

कोर्टात जायचं का, हा विषय आज पुन्हा निघाला. गूगलच्या खात्यात २०१६ ते २०१९ चे हजारभर तरी असतील. वहिनी म्हणाल्या, अर्जाचं काय ते उत्तर येऊ दे, मग बघू. दोन वर्षांचं दुसरं घड्याळ २०२७ च्या ऑक्टोबरात संपतं. त्याच्या तीन महिने आधीची आठवण माझ्या आणि त्यांच्या, दोघांच्याही फोनमध्ये लावली. आणि दादाने वहिनींचं नाव खरंच देऊन ठेवलं असेल आणि तीन महिन्यांची मुदत असती, तर मेल एव्हाना आला असता. तो आला नाही. सहा महिन्यांची असेल तर एप्रिलच्या मध्यावर कळेल. असा मेल आला तर डेटा उतरवायला तीनच महिने मिळतात, म्हणून वहिनींनी रोज स्पॅमचं फोल्डरही बघायचं ठरवलंय.

दादाचा फोन अजून त्या पाकिटातच आहे, बंद.